वॉर्डात रविवारी दुपारीच ग्लोव्हज का संपतात? पार लेव्हल लावताना या चुका टाळा

वॉर्डात ग्लोव्हज संपले की पहिला राग निघतो मेन स्टोअरवर, मग मामांवर, मग नाईटच्या सिस्टरवर की एवढे वापरलेच कसे. पण पुष्कळदा यातल्या कोणाचीच चूक नसते, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला पार लेव्हलचा कागदच चुकीचा असतो आणि तो दोन-तीन वर्षांत कोणी हातात घेतलेला नसतो.

पार म्हणजे साधी गोष्ट. मोजणीच्या दिवशी हातातला माल आणि मागवायचा माल मिळून जेवढा व्हायला पाहिजे तो आकडा. पार १० बॉक्स, कपाटात ४, तर इंडेंट ६ चं. आता हा १० आला कुठून, तिथेच सगळा घोळ आहे.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा पुरुष मेडिसिन वॉर्ड घेऊया, बेड ३०, पण पेशंट बहुतेक वेळा चौतीसच्या आसपास, म्हणजे चार-पाच जण खाली गादीवर. इंडेंट सोमवारी आणि गुरुवारी सकाळी जातं, माल दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. युनिटचा इमर्जन्सीचा वार शनिवार. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिथे एक्झामिनेशन ग्लोव्हजचा मीडियम साइजचा पार होता ७ बॉक्स, एका बॉक्समध्ये १०० नग (नग हं, जोड्या नाहीत, जोड्या ५०च, हा घोळ पण रजिस्टरमध्ये कितीतरी ठिकाणी सापडतो). आठवड्याचा वापर साधारण १३७० नग, म्हणजे दिवसाला १९५ च्या आसपास, आठवड्यातून दोनदा इंडेंट म्हणजे साडेतीन दिवस, गुणाकार ६८५, झाले ७ बॉक्स. कागदावर एकदम बरोबर, तरी रविवार दुपार झाली की मीडियम संपलेले!

साडेतीन दिवस हा आकडाच खोटा आहे

गुरुवारी सकाळी मोजलं, माल शुक्रवारी आला. पुढची मोजणी सोमवारी, तो माल येणार मंगळवारी सकाळी. म्हणजे गुरुवारच्या मोजणीवर वॉर्डाला मंगळवार सकाळपर्यंत चालवायचंय, पूर्ण पाच दिवस. सोमवारच्या मोजणीवर शुक्रवार सकाळपर्यंत, चार दिवस. साडेतीन दिवस कुठेच नाहीत. दोन मोजण्यांमधलं अंतर आणि त्यात माल यायला लागणारा वेळ, दोन्ही मिळून जे सगळ्यात लांब अंतर निघेल तेच धरायचं, सरासरी घ्यायची नाही. स्टोअरचा माणूस ट्रॉली घेऊन वॉर्डात येऊन जागेवर भरून जात असेल तर यायचा वेळ शून्य, तिथे चार दिवस पुरतात.

आता वार बघा. गुरुवारी १५० नग, शुक्रवारी १५०, शनिवारी इमर्जन्सी म्हणून २६०, रविवारी नवीन पेशंटचे कॅन्युला, ब्लड, कॅथेटर सगळं चालू म्हणून २८०, सोमवारी २१०, मंगळवारी १७०, बुधवारी १५०. पार ७००. गुरुवार-शुक्रवार ३०० गेले, शनिवारी २६०, रविवार सकाळी उरले १४० आणि त्या दिवशी लागणार २८०. म्हणजे दुपारी संपणारच, यात कोणी चोरी केलेली नाही. उलट सोमवार ते गुरुवार बेरीज ६८०, ती ७०० मध्ये कशीबशी बसते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत सगळं ठीक दिसतं आणि आकड्यावर कोणाला संशय येत नाही, संशय येतो रविवारच्या ड्यूटीवर.

गुरुवार ते सोमवार बेरीज येते १०५०. दुसऱ्या आठवड्यात हीच बेरीज ११३० आली. दोन्हीतला मोठा आकडा घ्यायचा, बॉक्समध्ये वर राउंड केला की १२, फाटणारे ग्लोव्हज आणि अचानक आलेले पेशंट यासाठी एक जास्त, १३. बास, कुठलाही किचकट फॉर्म्युला नको, फक्त दोन-तीन आठवडे वारानुसार खरा वापर लिहायचा आणि सगळ्यात लांब गॅपची बेरीज बघायची. तुमचा इमर्जन्सीचा वार मंगळवार असेल तर त्याच हॉस्पिटलात त्याच स्टोअरवर तुमचा पार कमी येऊ शकतो, म्हणून शेजारच्या वॉर्डचा कागद झेरॉक्स करून लावू नका.

रजिस्टरमधला इश्यू म्हणजे वापर नाही

खरा वापर म्हणताना लोक स्टोअरचं इश्यू रजिस्टर उघडतात. त्यात स्टोअरने दिलं किती ते असतं. तुम्ही १२ मागितले, ७ मिळाले, दोन शेजारच्या वॉर्डातून उसने आणले, एक बॉक्स नातेवाईकांना बाहेरच्या मेडिकलमधून आणायला लावला, तर रजिस्टर म्हणतं वापर ७. त्या सातवरून पार काढला की पुढच्या महिन्यात पण तेवढंच मिळणार आणि उसनवारी तशीच चालणार. याची दुसरी बाजू पण आहे, स्टोअर कापतं म्हणून सिस्टर इनचार्ज दुप्पट लिहितात, दुप्पट लिहिलंय म्हणून स्टोअर अजून कापतं, आणि मग कोणाचाच आकडा खरा राहत नाही.

म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांपुरती एक वही करा, त्यात मागितलं, मिळालं, उघडलं आणि उसनं-बाहेरचं असे चार कॉलम. बॉक्स उघडला की उघडणाऱ्याने वार टाकून एक रेघ मारायची, मावशींना पण सांगून ठेवायचं. अर्धे बॉक्स मोजायला वेळ जातो म्हणून इंडेंटसाठी मोजताना फक्त बंद बॉक्स मोजा. वरच्या हिशोबात गुरुवारी सकाळी ७७० नग उरतात, मोजायचे ७, इंडेंट ६. आणि माल संपलेला होता तो दिवस सरासरीत शून्य म्हणून धरू नका, त्या दिवशी वापर झालाच नाही असं नसतं, तो दिवस बाजूला काढा.

एक संपलं की दुसऱ्याचा आकडा बिघडतो

इंडेंटवर नुसतं ‘ग्लोव्हज २० बॉक्स’ लिहिणारे वॉर्ड अजून आहेत. मग कपाट भरलेलं असतं आणि सिस्टर म्हणतात, ‘अहो बॉक्स आहेत हो, पण सगळे लार्ज आहेत.’ लार्ज घालून कॅन्युला लावायचा म्हणजे बोटांची टोकं लोंबतात, शीर हाताला लागत नाही. मग काय होतं, जवळच असलेले स्टराइल सर्जिकल ग्लोव्हज साडेसहाचे फोडले जातात, साध्या कामासाठी. ते महाग. आणि महिन्याच्या शेवटी दिसतं की साडेसहाचा वापर वाढलाय, म्हणून त्याचा पार वाढवला जातो, जेव्हा की कमी पडत होते ते मीडियम एक्झामिनेशन. स्टराइलचा वापर अचानक वाढला तर आधी त्याच तारखांना साधे ग्लोव्हज होते का ते बघा. प्रत्येक साइजची ओळ वेगळी, पार वेगळा.

सिरिंजचं तसंच, ५ एमएल संपली की १० ची उघडतात. काम होतं, फक्त हिशोब बिघडतो. पण इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये हे अजिबात चालणार नाही. आपल्याकडे ४० युनिटच्या व्हायल पण आहेत आणि १०० युनिटचं इन्सुलिन पण, सिरिंज दोन्हीच्या वेगळ्या, लाल टोपी ४० ची, केशरी १०० ची. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीचपट जातो. उलट केलं तर २० च्या जागी ८ युनिटच जातात. त्यामुळे इंडेंटवर ‘इन्सुलिन सिरिंज’ अशी एकच ओळ कधीच नको. वॉर्डात ज्या स्ट्रेंथची व्हायल आहे त्याच सिरिंजला पार द्या, दुसरीचा पार शून्य, म्हणजे ती कपाटात येणारच नाही. आणि फार्मसीने व्हायल बदलली की त्याच दिवशी हा कागद बदलायचा, पुढच्या रिव्ह्यूची वाट बघायची नाही.

ड्रेसिंगला बेडचा हिशोब लागू होत नाही

ग्लोव्हज जवळपास प्रत्येक पेशंटला लागतात, पण मेडिसिन वॉर्डात ड्रेसिंगचा बहुतेक माल दोन-तीन पेशंटच खातात, एखादा डायबेटिक फूट, एखादा बेडसोर. अशा एका पायाला दिवसातून दोनदा ड्रेसिंग, दर वेळी समजा गॉजची ४ पाकिटं, १ गामजी पॅड, १ रोलर बँडेज, तर पाच दिवसांत गॉजची ४० पाकिटं एकट्याची. तो डिस्चार्ज झाला की वापर धाडकन खाली. महिन्याची सरासरी काढून पार लावला तर तो असताना कमी पडतो आणि गेल्यावर पाकिटं पडून राहतात. इथे बेस पार छोटा ठेवा, किरकोळ ड्रेसिंगपुरता, आणि असा पेशंट आला की त्याच्या नावाने जादा आकडा त्याच इंडेंटवर लिहा, डिस्चार्जबरोबर तो काढून टाका.

जास्त साठवून ठेवण्यात ड्रेसिंगचं नुकसान मुंबईत जास्तच होतं कारण पावसाळ्यात ओल. कागदी पाकिटावर ओलीचा डाग दिसला, सील सुटलं, तर एक्सपायरी पुढच्या वर्षीची असली तरी ते स्टराइल धरायचं नाही. भिंतीला चिकटून, खालच्या फळीवर, सिंकशेजारी हा माल नको.

पावसाळ्याचा कागद वेगळा

वरचा १३ बॉक्सचा हिशोब ३४ पेशंटचा आहे. पाच दिवस गुणिले ३४ म्हणजे १७० पेशंट-दिवस, ११३० भागिले १७०, एका पेशंटला दिवसाला साधारण ६.६५ नग मीडियम. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या दिवसांत त्याच वॉर्डात ४२ पेशंट झाले तर साधारण १४०० नग, १४ बॉक्स, वर एक जास्तीचा, १५. बेडवर पार लावणाऱ्यांना हे दिसतच नाही कारण बेड तीसच राहतात. जूनच्या शेवटी हा दुसरा कागद लावा, पेशंट उतरले की काढा. गणपती-दिवाळीत स्टोअर एखादा इंडेंटचा वार बंद असेल तर त्या एकाच वेळेपुरतं सगळ्यात लांब अंतर पुन्हा मोजा आणि तेवढंच जादा मागवा, कायमचा पार वाढवू नका.

आकडा बरोबर बसलाय का हे बघायला माल यायच्या जरा आधी कपाटात काय उरलंय ते लिहा, वरच्या उदाहरणातल्या वॉर्डात म्हणजे मंगळवारी सकाळी, ट्रॉली यायच्या आत. एखादा-दोन बॉक्स उरत असतील तर ठीक. सलग चार आठवडे मंगळवारी चार-पाच बॉक्स उरतायत तर दोन कमी करा. एकदा जरी शून्य दिसलं तर लगेच पार वाढवू नका, आधी त्या आठवड्यात स्टोअरने पूर्ण इंडेंट दिलं होतं का ते त्या चार कॉलमच्या वहीत बघा, कारण ६ मागून ४ मिळाले असतील तर पार १६ करून पण ४च मिळणार, तिथे बोलायचं ते स्टोअरशी.