शौचाला काळं होतंय, पण बीपी नॉर्मल आहे: अल्सरच्या पेशंटमध्ये या चुका टाळा

संध्याकाळच्या हँडओव्हरला विद्यार्थिनी वाचून दाखवते: "बेड सात, वय 58, चक्कर आणि अशक्तपणा, बीपी 112/70, नाडी 84, हिमोग्लोबिन 11.2. व्हायटल्स स्टेबल." मामा यंत्रमागावर टॉवेल विणणारे. दिवसभर उभं राहून गुडघे गेलेले. दोन वर्षांपूर्वी हृदयाला स्टेंट बसलेला. तीन दिवसांपासून शौचाला काळं होतंय, हे मामींनी सांगितलं होतं. केसपेपरवर त्यापुढे लिहिलेलं होतं, "आयर्नची गोळी चालू आहे."

सोलापूरच्या वॉर्डात शिकवताना मी हा पेशंट पुन्हा पुन्हा उदाहरणाला घेते, कारण पेप्टिक अल्सरच्या रक्तस्रावात होणाऱ्या बहुतेक चुका त्याच्या एका केसपेपरवर सापडतात.

पहिली चूक अर्थात ती आयर्नची गोळी. आयर्नमुळे शौच काळपट होतं हे खरं, पण ते हिरवट काळं, बांधलेलं आणि वासाला नेहमीसारखंच असतं. जठरातलं रक्त आतड्यातून पचत खाली आलं की होतो मेलिना: डांबरासारखा काळा, चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारा. त्याचा वास एकदा घेतला की पुन्हा ओळखायला कोणाला विचारावं लागत नाही. म्हणून "काळं होतं का?" एवढ्यावर थांबू नका. "डांबरासारखं चिकट होतं का? धुताना जात नव्हतं का?" असं विचारा, आणि जमेल तेव्हा बेडपॅन स्वतः बघा. मामींचं उत्तर होतं, "अवो सिस्टर, दोन बादल्या पाणी वतलं तरी निघंना."

दुसरी चूक जास्त महागात पडते. आडव्या पेशंटचं बीपी शरीर बराच वेळ सावरून धरतं. साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत ते खाली न येणंही शक्य असतं. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. पण मामा स्टेंटनंतर मेटोप्रोलॉल घेत होते. बीटा ब्लॉकरवर असलेल्या पेशंटची नाडी हवी तशी पळत नाही, त्यामुळे 84 या आकड्यावर विसंबता येत नाही. शिवाय त्यांच्या जुन्या फाईलमध्ये नेहमीचं बीपी 150 च्या आसपास होतं. त्या माणसाला 112 म्हणजे नॉर्मल नव्हे. आकडा पुस्तकाशी नाही, त्या पेशंटच्या कालच्या आकड्याशी ताडून बघायचा.

मामांचा हात धरला तर गार आणि ओलसर. त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून मग दोघींनी धरून बसवलं आणि पुन्हा बीपी घेतलं: 88/60, आणि डोळ्यांपुढे अंधारी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तरी ती धोक्याची खूण असते. इथे वरचा 24 ने उतरला होता. (आडवं असतानाच बीपी कमी किंवा गरगरत असेल तर ही तपासणी करायचीच नाही.) त्यानंतर दहाच मिनिटांत त्यांना कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली.

आणि ते 11.2? ताज्या रक्तस्रावात लाल पेशी आणि प्लाझ्मा एकत्रच जातात, त्यामुळे उरलेल्या रक्तातलं प्रमाण तेच राहतं. शरीरातलं पाणी रक्तात उतरेल, सलाईन जाईल, तेव्हा आकडा पडायला लागतो, आणि त्याला तास काय, एखादा दिवसही लागतो. मामांचं सकाळचं हिमोग्लोबिन 8.1 आलं.

अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवा, तोंडाने काही देऊ नका आणि पेशंटला कुशीवर वळवा. 16 किंवा 18 गेजच्या दोन कॅन्युला, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅचचे नमुने, दर 15 मिनिटांनी व्हायटल्स, दर तासाला लघवीचं माप. उलटीचं प्रमाण "थोडी" असं न लिहिता मिलीलिटरमध्ये लिहा. पोट दगडासारखं कडक झालं आणि दुखणं अचानक सगळ्या पोटभर पसरलं, तर अल्सर फुटल्याची शंका घ्या.

ऑर्डर नसताना "जळजळ कमी व्हावी" म्हणून सुक्राल्फेट किंवा अँटासिडचं औषध पाजणं, हीसुद्धा नेहमीची चूक. ते जठराच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं आणि एंडोस्कोपीत नेमकी रक्ताची जागा झाकली जाते. मामांची एंडोस्कोपी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ड्युओडेनममध्ये अल्सर, तळाशी उघडी रक्तवाहिनी. तिथे इंजेक्शन आणि क्लिप लावल्यावर पँटोप्राझोलची ऑर्डर आली: 80 मिलिग्रॅम एकदम, मग तासाला 8 मिलिग्रॅम, 72 तास. 80 मिलिग्रॅम 100 मिली सलाईनमध्ये मिसळलं तर वेग तासाला 10 मिली. बाकीच्या सलाईनसारखं ते तासाभरात सोडून दिलं की ऑर्डरचा अर्थच संपतो. ॲसिड सतत दाबून ठेवलं तरच वरची गुठळी टिकते.

हिस्टरी घेताना "पेनकिलर घेता का?" असं विचारलं तर मामा "नाही" म्हणतात. "गुडघ्यासाठी मेडिकलमधून काय आणता?" म्हटल्यावर मामींच्या पिशवीतून डायक्लोफेनॅकची पट्टी निघाली. दोन महिने, रोज दोन. त्यावर रोजची 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. "पण जेवणानंतरच घ्यायचो," मामा म्हणाले. जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होईल, अल्सर टळत नाही. ही औषधं रक्तातून जाऊन जठराचं संरक्षक अस्तर बनवणारी प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, त्यामुळे कंबरेत घेतलेलं इंजेक्शनही तेवढंच घातक. डायक्लोफेनॅक कायमचं बंद. मात्र ॲस्पिरिन बंद करा असं आपण सांगायचं नाही. स्टेंट असलेल्याला ती पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतात.

घरी जाताना पँटोप्राझोल सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. चहा-खारी झाल्यावर घेतली की तिचा उपयोग कमी होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून दोन अँटिबायोटिकही मिळाली, 14 दिवस. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू पडतं आणि चौथ्या दिवशी गोळी सुटते. हे आधीच सांगून ठेवा.

आहाराचा कागद देताना मात्र आपण उगाच कडक होतो. मामांना कोणीतरी "दर दोन तासांनी दूध, शेंगाची चटणी कायमची बंद" असं सांगून ठेवलं होतं. दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं पुन्हा ॲसिड वाढवतात. तिखटाने अल्सर होत नाही. ज्याने जळजळ होते ते, तेवढे दिवस बाजूला ठेवायचं. सुरुवातीला कडक भाकरीऐवजी मऊ भाकरी वरणात कुस्करून, वेळेवर, आणि झोपण्याआधी दोन-तीन तास काही नाही. तंबाखूची पुडी मात्र सोडायलाच हवी, तिने अल्सर भरून यायला वेळ लागतो.

हे सगळं सांगून मी मामांना विचारलं, "आता सांगा, परत कधी लगेच यायचं?" ते म्हणाले, "काळं चिकट झालं, रक्ताची उलटी झाली, नायतर चक्कर आली की." बरोबर. मी डायक्लोफेनॅकची पट्टी मागितली, तर मामींनी ती मुठीत धरली.

"ह्यांना नगं तर ऱ्हाऊ द्या. माझी कंबर लय दुखती, मी घेती की रोज एक."

मी खुर्ची ओढून मामींच्या समोर बसले आणि विचारलं, "मामी, तुम्हाला शौचाला कसं होतंय?"