फलंदाजीच्या सरावाचे चक्र कसे लावावे: चार स्टेशने आणि त्यांतले अवघड दुसरे

सोळा मुले, एकच नेट आणि दीड तास असा हिशेब असेल, तर प्रत्येकाला नेटमध्ये पाच-सहा मिनिटे फलंदाजी मिळते आणि उरलेला सगळा वेळ तो गोलंदाजीच्या रांगेत उभा राहून गप्पा मारतो. यातून ना फलंदाज घडतो, ना गोलंदाज. त्यापेक्षा मैदानावर चार स्टेशने मांडावीत, प्रत्येकावर चार मुले ठेवावीत आणि दर बारा मिनिटांनी शिटी वाजवून गट पुढच्या स्टेशनवर सरकवावेत. एका स्टेशनवर प्रत्येकाला तीन मिनिटे बॅट मिळते, म्हणजे चार स्टेशनांची मिळून बारा. शिवाय ज्याची पाळी नसते तो चेंडू टाकतो, अडवतो किंवा पुढच्या पाळीसाठी पॅड चढवतो. खाली दिलेली मांडणी दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिला दोन मोठी माणसे लागतात, आणि एकट्याने हे चक्र चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडणीचा नियम एकच आहे: चारही फलंदाजांच्या पाठी एकमेकांकडे असाव्यात आणि फटके बाहेरच्या दिशेला जावेत. दोन फलंदाजांच्या पाठींमध्ये किमान पंधरा पावले मोकळी असावीत. हुकलेले चेंडू याच मधल्या जागेत जमा होतात आणि अपघातही इथेच होतात, कारण मुले चेंडू उचलायला वाकतात तेव्हा त्यांची नजर बॅटवर नसते. म्हणून मधल्या जागेतले चेंडू फक्त शिटीनंतर, चारही बॅटी जमिनीला टेकल्यावर गोळा करायचे. मुंबईत आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर सराव असेल, तर शेजारच्या खेळपट्टीवरून येणाऱ्या चेंडूचा विचारही आधीच करावा लागतो. जिकडे सामना चालू असेल त्या बाजूला मुलांची पाठ येईल असे कोणतेही स्टेशन लावू नये.

पहिले स्टेशन सोपे आहे. चेंडू रबरी शंकूवर ठेवावा, दहा पावलांवर मिड-ऑफच्या दिशेला दोन शंकूंचे तीन पावले रुंद फाटक करावे आणि त्यातून चेंडू जमिनीलगत मारायला सांगावे. डावखुऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूला तसेच आणखी एक फाटक लागते.

दुसऱ्या स्टेशनवर चेंडू हलू लागतो. टेनिस बॉल खालून, म्हणजे अंडरआर्म, फेकायचा आणि फलंदाजाने तो त्याच फाटकातून ड्राइव्ह करायचा. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण शंकूवरचा चेंडू सुरेख मारणारी मुले इथे आली की वेडीवाकडी बॅट फिरवू लागतात. माझाही या टप्प्यावर बराच काळ झगडा चालला, कारण दोष फलंदाजात शोधला जात होता आणि तो होता चेंडू टाकणाऱ्यात. दहा वर्षांच्या मुलाला ‘खालून टाक’ म्हटले की तो चेंडू कमानीसारखा उंच उडवतो. टेनिस बॉल मग खांद्याएवढा उसळतो, फलंदाजाचे डोके वर जाते, पुढचा पाय जागीच थांबतो आणि बॅट आडवी येते. यात त्याचे काही चुकत नाही, कारण तशा चेंडूवर ड्राइव्ह मुळी मारताच येत नाही.

म्हणून पहिल्या दोन-तीन सत्रांत फलंदाजाला काहीही शिकवू नये, फक्त चेंडू टाकणे शिकवावे. क्रीजच्या पुढे साधारण दोन बॅटींच्या अंतरावर फक्कीने पाटाएवढे वर्तुळ आखावे. टाकणारा फलंदाजापासून दहा पावलांवर उभा राहतो. चेंडू त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून सुटला पाहिजे, वर्तुळात एकच टप्पा पडला पाहिजे आणि फलंदाजापाशी येताना तो घोटा ते गुडघा यांच्या मध्ये असला पाहिजे. टाकण्याआधी चेंडू दाखवायचा, हात संथपणे मागे न्यायचा आणि मगच सोडायचा. हात मागे जातो तेव्हा फलंदाजाची बॅट वर जाते. ही जुळणी चुकली, घाईघाईत चेंडू सुटला, की बॅट अर्ध्यावरूनच खाली येते आणि फटक्याऐवजी नुसता ढकला होतो. नीट चालले आहे की नाही हे पाहायचे असेल, तर चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी फलंदाजाच्या बॅटकडे पाहावे. ती वर पोहोचून तयार असली पाहिजे.

टाकणाऱ्याच्या सुरक्षेचा एक नियम मी कधीही सैल करत नाही: चेंडू सोडल्यावर तो फाटकाच्या पार होईपर्यंत किंवा थांबेपर्यंत नजर बॅटवरच ठेवायची, पुढचा चेंडू घ्यायला बादलीकडे वळायचे नाही. टेनिस बॉलही डोळ्यावर बसला तर गंभीर इजा होते. आणि मुलाने मुलाला समोरून सीझन बॉल टाकायचा नाही, मग टाकणारा कितीही चपळ असो.

चेंडू नीट पडू लागला की मग फलंदाजाकडे वळावे. त्यासाठी क्रीजपुढची हातभर माती मोकळी करून हाताने सपाट करावी. प्रत्येक फटक्यानंतर तिच्यावर पुढच्या बुटाचा ठसा उमटतो आणि तो प्रशिक्षकाच्या नजरेपेक्षा जास्त खरे सांगतो. बोटे मिड-ऑफ किंवा एक्स्ट्रा कव्हरकडे रोखलेला एकच स्वच्छ ठसा असेल, तर पाय बरोबर पडला आहे. ठसा फरपटलेला असेल, तर पाय पडल्यावर पुन्हा हलला आहे, म्हणजेच टप्प्याचा अंदाज उशिरा आला. ठसा क्रीजला चिकटूनच असेल आणि चेंडू हवेतून जात असेल, तर मुलगा पाय न टाकता नुसते हात पुढे नेत आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. अकरा वर्षांच्या एका मुलाचा प्रत्येक ड्राइव्ह मिडविकेटला जात असे. घरून आणि शेजारच्या नेटमधून त्याला एकच सल्ला मिळत होता, ‘कोपर वर ठेव’. हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण कोपर वर येणे हा सरळ बॅटचा परिणाम आहे, कारण नव्हे. कोपराचा विचार करणारे मूल खांदे आखडून घेते. या मुलाचा ठसा तर अगदी जागेवर होता. पायात दोष नाही म्हटल्यावर तो हातात असणार हे उघड होते, आणि पाहिले तर तो खालच्या हाताने बॅटची मूठ पूर्ण तळव्यात आवळत होता. त्याला पुन्हा पहिल्या स्टेशनवर नेऊन खालच्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटे एवढ्यांनीच बॅट धरायला लावली. शंकूवरचे चेंडू मिड-ऑफला जाऊ लागले, मग खालून टाकलेलेही जाऊ लागले. पण वेगाने आलेल्या चेंडूवर जुनी खोड परतली. बॅट एक माप मोठी आणि जड होती. घाई झाली की वरच्या हाताला ती पेलत नसे आणि खालचा हात मदतीला धावत असे. एक माप लहान बॅट दिल्यावर ते थांबले. ‘दोन वर्षे पुरेल’ म्हणून मोठी बॅट घेणाऱ्या पालकांना मी एवढेच सुचवतो, की मुलाला फक्त वरच्या हाताने ती बॅट उचलून छातीसमोर आडवी धरायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत टोक खाली झुकले, तर ती बॅट अजून त्याची नाही.

पुढे कधी जायचे हे आठवडे मोजून ठरवू नये. बारा चेंडूंपैकी आठ जमिनीलगत फाटकातून गेले आणि सलग दोन सत्रांत तसे घडले, तर पुढची पायरी द्यावी. पायरी वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी वेग वाढवावा. तो जमला की आखूड टप्प्याचे दुसरे वर्तुळ आखून पुढे जायचे की मागे, हा निर्णय मुलावर सोपवावा. चेंडू सर्वांत शेवटी बदलावा. तिन्ही एकदम बदलले, तर बिघडले कशामुळे हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरे स्टेशन थ्रोडाऊनचे आहे. ते नेटमध्येच असावे आणि चेंडू मोठ्या माणसानेच टाकावा. दुसऱ्या स्टेशनवर घडी बसेपर्यंत इथे मोज्यात घालून दोरीला टांगलेला चेंडू चालतो, म्हणजे प्रशिक्षक दुसऱ्यावर लक्ष ठेवायला मोकळा राहतो. सीझन बॉल आणायचा तो याच स्टेशनवर. क्रिकेटच्या नियमांत तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू सांगितला आहे, तर पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. दुकानदार मागितल्याशिवाय लहान चेंडू देत नाही, म्हणून वजन पाहूनच घ्यावा. पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट यांतले एक जरी नसेल, तर त्या दिवशी त्या मुलाला टेनिस बॉलच मिळेल. हेल्मेटची जाळी आणि कपाळावरची कड यांच्यामधून चेंडू जातो का, हे प्रत्येक मुलाच्या डोक्यावर चेंडू धरून तपासावे. पहिले काही दिवस सीझन बॉलही खालून आणि हळूच टाकावा, कारण हात झणझणण्याची भीती एकदा बसली की मूल लेगकडे सरकू लागते आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. डोक्याला चेंडू लागला तर मूल ‘काही नाही सर, खेळतो’ म्हणाले तरी त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. पालकांना समोर बोलावून सांगावे आणि डॉक्टरांना दाखवायला लावावे, कारण डोकेदुखी, चक्कर किंवा उलटी काही तासांनीही सुरू होऊ शकते.

चौथे स्टेशन पुलचे आहे. इथे चेंडू टेनिसचाच असतो. टाकणारा मोठा माणूस, आणि चेंडू टप्पा पडून फलंदाजाच्या कमरेपर्यंत आला पाहिजे. फटका जमिनीकडे दाबला जातो की नाही एवढेच पाहावे. हा फटका आडवा जात असल्यामुळे हे स्टेशन मैदानाच्या कडेला, लेगची बाजू बाहेर येईल असे लावावे. डावखुऱ्यांसाठी मात्र तीच बाजू आतल्या मुलांवर येते. म्हणून सगळे डावखुरे एका गटात ठेवून तो गट पहिल्या स्टेशनपासून सुरू करावा, म्हणजे पुलची पाळी त्यांना सर्वांत शेवटी येते आणि स्टेशन एकदाच उलटे फिरवावे लागते. डावखुरे दोन-तीनच असतील, तर त्या गटातल्या उजव्या मुलांनी आधी खेळावे, मग बॅट खाली ठेवून शंकू हलवावेत, आणि टाकणाऱ्याने जागा बदलल्याचे मोठ्याने सांगितल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू नये.