या चुका टाळा: मोठ्या कंपनीतून स्टार्टअपकडे निघालेल्या मॅनेजरचं कव्हर लेटर

मोठ्या कंपनीतले मॅनेजर स्टार्टअपला पत्र लिहायला बसले की पहिल्याच ओळीत टीमचा आकडा टाकतात. ‘60 जणांची टीम सांभाळली.’ वाचणाऱ्या फाउंडरकडे सगळी मिळून 12 माणसं. त्याच्या मनात लगेच येतं, ती 60 माणसं नसतील तेव्हा हा काय करणार?

ग्राहकसेवेतल्या एका मॅनेजरचं असंच पत्र माझ्याकडे तपासायला आलं होतं. टीम, बजेट, पुरस्कार, आणि शेवटी ‘माझ्यात ओनरशिप आहे’. म्हटलं, बजेट नाकारलं गेलं तेव्हा काय केलंत ते सांगा. मग खरी गोष्ट बाहेर आली. परताव्याच्या तक्रारी तुंबल्या होत्या आणि नव्या सॉफ्टवेअरला मंजुरी मिळत नव्हती. या गृहस्थांनी साधी स्प्रेडशीट केली, रोज सकाळी सर्वांत जुन्या 10 तक्रारदारांना स्वतः फोन केले. निम्म्या तक्रारी एकाच कारणाने येत होत्या: परतीच्या फॉर्मवरची सूचना कुणाला कळतच नव्हती. त्यांनी ती बदलून घेतली. हे पत्रात का नाही? तर म्हणे, ‘ते किरकोळ काम, मॅनेजरला शोभत नाही.’ अहो, स्टार्टअप पगार देणार तो याच कामाचा!

शेवटी पत्रात हा मजकूर गेला: ‘सॉफ्टवेअरला मंजुरी नव्हती, म्हणून मी स्प्रेडशीटवर काम सुरू केलं आणि ग्राहकांना स्वतः फोन केले. फॉर्मवरची सूचना बदलल्यावर नव्या तक्रारी कमी झाल्या. काम वाढल्यावर स्प्रेडशीट पुरेना, तेव्हा तिच्या नोंदी दाखवून सॉफ्टवेअर मंजूर करून घेतलं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. काटकसर कुठवर चालते आणि पैसा कधी खर्चायचा, हे तुम्हाला कळतं, ते त्यातूनच दिसतं. नुसता जुगाड सांगणाऱ्याचीही फाउंडरला धास्ती वाटते.

माझी सवय अशी: प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचं, मी तिथे नसतो तरी हे झालंच असतं का? उत्तर ‘हो’ आलं की वाक्य कापायचं. ‘ओनरशिप’ हा शब्द तर मी न विचारता कापतो. बहुतेकांचं पान निम्मं रिकामं होतं आणि ते घाबरून इंटरनेटवरचा तयार नमुना उचलतात. तो नमुना फाउंडरने त्याच आठवड्यात आणखी चौघांच्या पत्रांत वाचलेला असतो.

जुन्या कंपनीच्या संथपणाची तक्रार पत्रात नको. ‘मला शिकायला मिळेल’ हेही नको. शिकवायला तिथे कुणाला वेळ नसतो.

आणि नोटीस पीरियड लपवू नका. 3 महिन्यांचा असेल तर तसं लिहा, लवकर सुटण्याची सोय असेल तर तीही लिहा. ज्यांना माणूस पुढच्या महिन्यात हवाय, त्यांना हे तिसऱ्या मुलाखतीत कळलं तर ते चिडणारच.