सामन्यांमधल्या दिवसांचा हिशोब: संघाची ताकद मोजायला निघालेल्यांसाठी

सांगली-मिरजेकडची स्टॅटिस्टिक्सची मुलं हल्ली कबड्डीचा डेटा घेऊन येतात आणि दहापैकी आठ जणांच्या वहीत तेच असतं: संघांच्या ताकदीचं एलो रेटिंग, आणि एका सामन्याने ते किती हलावं हे ठरवणारा K म्हणजे 32. का 32? व्हिडिओत होतं म्हणून. बुद्धिबळातला आकडा कबड्डीत का चालावा, हे कुणी विचारलेलं नसतं. मला अशा तयार मालाचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. तरी घाबरू नका. मीन, व्हेरियन्स आणि साधं रिग्रेशन येत असेल, तर कालमन फिल्टर, म्हणजे प्रत्येक नव्या निकालाबरोबर अंदाज सुधारत नेण्याची रीत, आठवड्याभरात हातात बसतो. अडचण त्याच्या गणितात नसते, सामना नसतो त्या दिवसांत असते.

एलोमध्ये संघाकडे एकच आकडा असतो. काल खेळलेला संघ आणि दोन महिने मैदानात न उतरलेला संघ, दोघांचं रेटिंग एका सामन्याने सारखंच हलतं. कालमन फिल्टर ज्यावर चालतो त्या स्टेट-स्पेस मॉडेलमध्ये प्रत्येक संघाचे दोन आकडे ठेवतात: ताकदीचा अंदाज आणि त्या अंदाजाचा व्हेरियन्स. ताकद मी गुणांतच मोजते. +3 म्हणजे सरासरी संघाला तीन गुणांनी हरवेल असा संघ. प्रत्येक सामन्याला दोन पायऱ्या लागतात. आधी मागच्या सामन्यापासून आजपर्यंतच्या काळासाठी व्हेरियन्स वाढवायचा, मग निकाल पाहून अंदाज सरकवायचा आणि व्हेरियन्स कमी करायचा. हा क्रम उलटा करू नका.

आता सापळा. मीही यातच अडकले होते आणि कोड बिनतक्रार चालत असल्यामुळे कळायला वेळ लागला. जवळपास प्रत्येक शिकवणीत पहिली पायरी P = P + Q अशी लिहिलेली असते: P म्हणजे व्हेरियन्स, Q म्हणजे दर वेळची ठरावीक वाढ. रडारवर किंवा सेन्सरवर ते बरोबर आहे, कारण तिथे नोंदी ठरावीक अंतराने येतात. आपले सामने तसे येत नाहीत. प्रो कबड्डीत संघ तीन-चार दिवसांनी खेळतो, मग मोसम संपतो आणि महिनोन्‌महिने काहीच नाही. गावच्या स्पर्धेत तर एकाच रात्री तीन सामने होतात. प्रत्येक सामन्याला ठरावीक Q मिळवलात, तर एका रात्रीच्या तीन सामन्यांत संघ तीनदा ‘बदलतो’ आणि अख्ख्या पावसाळ्यात एकदाच. वाढ दिवसांच्या प्रमाणात हवी: P + q × दिवस. एवढंच आहे, पण परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहा.

सोयीसाठी घेतलेले आकडे असे. एका सामन्यातल्या गुणफरकाचा निव्वळ नशिबाचा भाग: व्हेरियन्स 100, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन 10 गुण. q दिवसाला 0.1. ‘अ’ संघाची ताकद +3, ‘ब’ची −1, दोघांचाही व्हेरियन्स 9. ‘अ’ चार दिवसांपूर्वी खेळलाय, ‘ब’ 60 दिवसांपूर्वी. सामन्याआधी ‘अ’चा व्हेरियन्स 9.4 होतो आणि ‘ब’चा 15. अपेक्षित फरक +4, त्याचा एकूण व्हेरियन्स 9.4 + 15 + 100 म्हणजे 124.4. ‘अ’ आठ गुणांनी हरला. अपेक्षा +4, झालं −8, म्हणून इनोव्हेशन −12.

हे बारा गुणांचं आश्चर्य दोघांत कसं वाटायचं? ज्याच्याबद्दल आपली खात्री कमी, त्याच्या वाट्याला जास्त. ‘अ’चा गेन 9.4 भागिले 124.4 म्हणजे 0.076, ‘ब’चा 15 भागिले 124.4 म्हणजे 0.121. ‘अ’ 3 वरून 2.1 वर येतो आणि ‘ब’ −1 वरून +0.45 वर चढतो. व्हेरियन्स अनुक्रमे 8.7 आणि 13.2 उरतो. आता तोच सामना ठरावीक Q = 0.4 घेऊन करा. दोघांचा व्हेरियन्स 9.4, दोघांचा गेन 0.079, दोघंही साधारण 0.95 गुणांनी सरकले. म्हणजे कष्टाने फिल्टर लिहिला आणि शेवटी एलोच मिळाला.

पलूसकडचे एक जुने प्रशिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी माझी क्रमवारी त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी एका संघावर बोट ठेवलं. “पोरी, ही पोरं गेल्या दिवाळीला अशी होती. मधी दोन गडी पोलिसात भरती झाले, एकाचा गुडघा गेला. तू बघितलंस व्हय त्यास्नी मधी?” नव्हतं बघितलं. ऑनलाइन सर्टिफिकेट विकणाऱ्यांपेक्षा असा एक माणूस शोधा, हा माझा हट्टाचा सल्ला आहे. त्याला q कळणार नाही, पण तुमचा q कुठे खोटा आहे ते तो सांगेल.

चूक झालीय हे डेटावरून ओळखता येतं का? पुस्तकी उत्तर असं: इनोव्हेशनला त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा, वर्ग करा, सरासरी 1 च्या आसपास यायला हवी. करून पाहाल तर सरासरी छान 1 येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. होऊ नका. वरच्या उदाहरणात बरोबर एकूण व्हेरियन्स 124.4 होता आणि चुकीचा 118.8. फरक पाचेक टक्क्यांचा. सामन्यातलं नशीब इतकं मोठं आहे की ताकदीची अनिश्चितता त्याच्या आड लपते. n सामन्यांच्या या सरासरीची प्रमाण चूक √(2/n) असते. तीच पाच टक्क्यांवर आणायला 800 सामने लागतात. 12 संघांच्या दुहेरी साखळीचे सामने 132. त्यातही लांब सुट्टीनंतरचे म्हणावेत असे फक्त पहिल्या आठवड्यातले.

त्यातल्या त्यात बरी तपासणी वेगळी आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाच सामन्यांतली एकेका संघाची इनोव्हेशन्स त्याच संघाच्या बाजूने चिन्ह लावून बेरजेत घ्या. सुट्टीत व्हेरियन्स कमी वाढवला असेल, तर फिल्टर नव्या ताकदीकडे हळू सरकतो आणि पाचही धक्के एकाच बाजूचे येत राहतात: संघ सतत अपेक्षेपेक्षा वर, किंवा सतत खाली. मग त्या बेरजेचा व्हेरियन्स पाच सामन्यांच्या व्हेरियन्सच्या बेरजेपेक्षा मोठा दिसतो. वाढ जास्त केली असेल तर उलटं होतं, धक्के आलटूनपालटून दिशा बदलतात. यालाही पुरावा म्हणू नका, पण एकेक सामना पाहण्यापेक्षा हे दुप्पट-तिप्पट ठळक असतं.

आता दुसरी बाजू, कारण दिवसांचा मुद्दा पटला की पोरं लगेच दुसऱ्या टोकाला जातात. प्रो कबड्डीचा सातवा मोसम 19 ऑक्टोबर 2019 ला संपला आणि कोविडमुळे आठवा थेट 22 डिसेंबर 2021 ला बेंगळुरूत सुरू झाला. मध्ये 795 दिवस. q × दिवस केलंत तर व्हेरियन्समध्ये 79.5 ची भर पडते. आधीचे 9 धरून स्टँडर्ड डेव्हिएशन नऊच्या वर. पण लीगमधल्या संघांच्या ताकदीतला एकूण फरकच 4 गुणांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा, म्हणजे व्हेरियन्स 16, धरला असेल, तर ओळखीच्या संघाबद्दल आपण नव्या, कधीच न पाहिलेल्या संघापेक्षाही जास्त अनभिज्ञ ठरतो. हे हास्यास्पद आहे. वाढीला छत हवं. मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीत ते सरळ कापून लावलेलं आहे: न खेळणाऱ्याची अनिश्चितता वाढत जाते, पण नवख्याच्या 350 वर थांबते. मला सरासरीकडे परतणारं रूप जास्त आवडतं:

```python
def advance(m, P, days, half_life=220, s2=16):
    f = 0.5 ** (days / half_life)
    return f*m, f*f*P + s2*(1 - f*f)
```

इथे 220 दिवसांत ताकदीचा अंदाज निम्म्याने शून्याकडे येतो आणि व्हेरियन्स कितीही थांबलात तरी 16 ओलांडत नाही. वरचा ‘ब’ संघ 60 दिवसांनी 15 वर नाही, 11.2 वर येतो. 795 दिवसांनी जवळजवळ 16 वर, आणि ताकद जवळजवळ शून्यावर. बरोबरच आहे, आपल्याला काहीच माहीत नसतं.

एक बारकावा इथेच सांगते. सामना झाला की ‘अ’ आणि ‘ब’च्या चुका एकमेकींना बांधल्या जातात. वरच्या उदाहरणात दोघांमधला कोव्हेरियन्स शून्यावरून +1.13 होतो. पुढे ‘ब’ तिसऱ्या संघाला धू धू धुतो, तेव्हा न खेळता ‘अ’ही किंचित वर जायला हवा, कारण तो ज्याच्याकडून हरला तो भारी निघाला. प्रत्येक संघाचा फक्त स्वतःचा व्हेरियन्स ठेवलात तर हे हरवतं. 12 संघांना 12×12 चं मॅट्रिक्स काही जड नाही. पूर्ण ठेवा, आणि प्रत्येक सामन्याच्या तारखेला सगळेच संघ एकत्र पुढे सरकवा, खेळणारे दोनच नव्हेत. मग दिवस सगळ्यांना सारखे आणि कोव्हेरियन्सला फक्त f² ने गुणायचं.

लिलावाचं मात्र दिवसांत बसत नाही. आठवा मोसम 25 फेब्रुवारी 2022 ला संपला, नववा 7 ऑक्टोबरला सुरू झाला: 224 दिवस. पण संघ रोज थोडा थोडा बदलला नाही, लिलावाच्या टेबलावर एका झटक्यात बदलला. म्हणून लिलावाच्या तारखेला f वेगळा, आणखी छोटा घ्या. ग्लिकमन आणि हॅल स्टर्न यांनी 1998 साली अमेरिकन फुटबॉलवर हेच केलं होतं: आठवड्या-आठवड्यांमधला बदल वेगळा, मोसमा-मोसमांमधला वेगळा. गावच्या स्पर्धांत लिलाव नाही, तिथे भरतीचे निकाल आणि नोकरीच्या बदल्या हे काम करतात, आणि त्या तारखा अण्णांसारख्यांनाच ठाऊक असतात.

हे सगळे आकडे डोळ्यांनी ठरवू नका, लाइकलीहूडने ठरवा: प्रत्येक सामन्याचा log S + v²/S मिळवत जा (v इनोव्हेशन, S त्याचा व्हेरियन्स) आणि बेरीज सर्वांत कमी येईल ते घ्या. पण एक कडक सूचना. ऑप्टिमायझरला सोडून देऊ नका. एक-दोन मोसमांच्या डेटावर तो रोजच्या बदलाचा अंदाज बिनधास्त शून्य देतो, म्हणजे संघ कधी बदलतच नाहीत. डेटा कमी असला की हे वारंवार होतं. तुमचा कोड चुकलेला नसतो. हाफ-लाइफ 60, 120, 220, 400, 800 दिवस ठेवून पाचही वेळा बेरीज काढा आणि कागदावर आलेख काढा. बहुतेक वेळा रेघ एका टोकाला खाडकन वर जाते आणि बाकी पठारासारखी सपाट असते. त्या पठारावर कुठेही उभं राहिलात तरी चालतं. मी मोसमाच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट हाफ-लाइफ घेते.

आणि गुणफरकावर आंधळा विश्वास नको. वर आलेल्या प्रो कबड्डीच्या मोसमांत सात किंवा कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला तक्त्यात एक गुण मिळायचा, त्यामुळे हरणारा संघ शेवटच्या मिनिटांत जिंकायला नाही, सातच्या आत राहायला खेळायचा. शेवटी एखादा लोण पडला की फरक एकदम वाढतो. अशा सामन्याचा v खऱ्या ताकदीपेक्षा शेवटच्या दोन मिनिटांबद्दल जास्त बोलतो. मी 20 च्या पुढचा फरक 20 च धरते. ते सिद्धांतात बसत नाही, पण त्याने पुढच्या सामन्यांचे अंदाज बिघडलेले मला दिसले नाहीत.