एक टी-शर्ट, एक मग: ऑर्डर आल्यावर छापून विकायचं तर हिशोब कसा मांडायचा?

गेटवेचं रेखाचित्र, खाली ‘मुंबईकर’ हा शब्द. हेच डिझाइन टी-शर्टवर आणि मगवर छापून घरबसल्या विकायचं आहे असं धरू. माल साठवायचा नाही. ऑर्डर आली की छापणारा छापतो आणि परस्पर पाठवतो.

आधी पैशांचं बघू. आकडे समजण्यापुरतेच धरलेत, तुम्ही आपल्या छापणाऱ्याचे दर टाका. टी-शर्ट ४९९ ला विकला. छपाईसह कापड २८०, कुरिअर ६०, ऑनलाइन पेमेंटचे १०. उरले १४९. पण दहातला एक साइझ चुकली म्हणून परत आला, तर त्याचे २८०, जातायेताचे १२० आणि पेमेंटचे १० असे ४१० बुडाले. नऊ नगांचे १,३४१ मिळाले, त्यातून ते वजा केले की नगामागे ९३ च हातात राहतात.

मगला साइझची भानगड नाही, फुटण्याची आहे. शिवाय खोक्यासकट तो ४०० ग्रॅमच्या पुढे जातो. कुरिअरचा पहिला टप्पा साधारण अर्ध्या किलोचा असतो. त्यात दोन टी-शर्ट बसतात, मग एकच. म्हणून ‘दोन घ्या’ ही सवलत टी-शर्टवर द्यावी.

विक्रीला लावण्याआधी नमुना स्वतःच्या पैशाने मागवा, आणि काळ्या टी-शर्टचाच मागवा. सुती कापडावर थेट शाईने छापताना गडद रंगाखाली पांढरा थर द्यावा लागतो. तो नीट भाजला गेला नसेल तर चार-पाच धुण्यांत तडे जातात. टी-शर्ट उलटा करून पाच वेळा धुवा, मग छापलेला भाग ताणून बघा. देवनागरीत बारीक शिरोरेघ आधी उडते, म्हणून जाड अक्षर घ्या आणि फाइल देण्यापूर्वी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा. नाहीतर समोरच्याच्या संगणकावर जोडाक्षरं सुटतात. मगवर कानाजवळ उष्णता नीट पोचत नाही आणि रंग फिका पडतो; तिथून सेंटिमीटरभर जागा मोकळी सोडा.

आता डिझाइनचा हक्क. गेटवे चितारायला हरकत नाही, पण रेखाचित्र स्वतःचं हवं. नेटवरच्या फोटोवर गिरवलेलं चालत नाही, तो फोटो काढणाऱ्याचा असतो. आणि मागे ताजचा घुमट काढायचा मोह आवरा. ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली आहे. चित्र काढणं वेगळं, ते मालावर छापून विकणं वेगळं.

शब्दांचंही तसंच. म्हण कुणाच्या मालकीची नसते. कवितेची ओळ असते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २००० साली गेलेल्या पुलंचं लेखन २०६० अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापून विकता येणार नाही. खाली नाव दिलं म्हणून सुटका होत नाही. फॉन्टचा परवानाही वाचा: ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं असेल तर विक्रीच्या मगवर तो नको.

छापणारा हे काही तपासत नाही. फाइल देताना ‘डिझाइन माझं आहे’ या चौकटीवर खूण तुम्हीच करता, आणि नोटीसही तुमच्याच नावाने येते.