परिपत्रकात कार्यक्रम आहे, पण तारीख नाही: शाळेच्या ऑफिसला मेसेज करण्याआधीची तयारी

सोमवारी मुलीच्या डायरीत घडी घातलेला कागद मिळाला. वार्षिक स्नेहसंमेलनाचं परिपत्रक. पोशाखाचे पैसे शुक्रवारपर्यंत द्या, संमतीपत्र सही करून पाठवा, दागिने घालू नका, मुलांना वेळेवर आणून सोडा. सगळं व्यवस्थित लिहिलेलं, फक्त कार्यक्रम कधी आणि कुठे, ते नाही. "वेळेवर" म्हणजे किती वाजता, आणि "आणून सोडा" म्हणजे कुठे? आम्ही ऐरोलीत राहतो. कार्यक्रम शाळेच्या मैदानावर असेल तर पाच मिनिटं चालायचं, वाशीच्या भावे नाट्यगृहात असेल तर लोकल पकडायची, आणि ठाण्यात असेल तर उलट्या दिशेची लोकल. असं परिपत्रक आलं की मी काय काय करते, ते क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम, कागद पुन्हा वाचायचा, उलटूनसुद्धा. ही पायरी टाळू नका, कारण ऑफिसमधून सगळ्यात आधी हेच विचारतात, "परिपत्रक वाचलंत का?" मागच्या बाजूला काही छापलंय का, संमतीपत्राच्या फाडून द्यायच्या पट्टीवर बारीक अक्षरात काही आहे का, ते बघा. तारीख कधी कधी नेमकी त्या पट्टीवर असते, आणि पट्टी कापून दिली की आपल्याकडे काहीच उरत नाही. म्हणून कापण्याआधी अख्ख्या कागदाचा फोटो काढा. मग शाळेच्या ॲपवर तेच परिपत्रक उघडा. छापील प्रतीत एक पान आणि ॲपवर दोन पानं, असं माझ्या बाबतीत एकदा झालं आहे. जुलैमध्ये मिळालेलं वार्षिक नियोजन घरात असेल तर तेही काढा. त्यात निदान महिना किंवा आठवडा दिलेला असतो.

वर उजव्या कोपऱ्यात परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक असतो, तो टिपून घ्या. ऑफिसमध्ये एका आठवड्यात चार-पाच परिपत्रकं निघतात. "ते परवाचं सर्क्युलर" म्हटलं तर समोरच्या बाईंना शोधत बसावं लागतं. क्रमांक दिला तर त्या थेट फाइल काढतात. मुलीची इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक हेही एकत्र लिहून ठेवा. प्रगतिपुस्तकावर जनरल रजिस्टर नंबर असतो, तोही सापडला तर उत्तम. एकाच नावाची दोन मुलं एका इयत्तेत असणं काही नवीन नाही.

आता वर्गाच्या पालक-ग्रुपबद्दल. तिथे विचारायला हरकत नाही, पण तिथल्या उत्तरावर रजा टाकू नका. गेल्या वर्षी मी ग्रुपवर विचारलं, "गॅदरिंग कधी आहे?" दहा मिनिटांत उत्तर आलं, वीस तारखेला, वाशीला. मी ऑफिसात रजा टाकली, सासूबाईंना कळव्याहून बोलावून घेतलं. आदल्या संध्याकाळी कळलं की वीस तारीख पाचवीपासून पुढच्या मुलांची, प्राथमिकचा कार्यक्रम त्याच्या दुसऱ्या दिवशी. सांगणाऱ्या ताईंची मोठी मुलगी सहावीत होती, त्यांनी आपल्या घरचं खरं तेच सांगितलं होतं. चूक माझी होती, कारण प्राथमिक की माध्यमिक हे मी विचारलंच नाही. तेव्हापासून माझ्या मेसेजमध्ये इयत्ता दोनदा येते, एकदा ओळखीत आणि एकदा प्रश्नात.

यानंतरची तयारी म्हणजे नेमकं काय विचारायचं ते ठरवणं. "कार्यक्रम कधी आहे?" एवढंच विचारलं तर "लवकरच कळवू" एवढंच मिळतं. मला चार गोष्टी हव्या असतात. तारीख आणि वार, दोन्ही. वार विचारण्याचं कारण असं की तारीख टाइप करताना चूक होते, आणि वार जुळला नाही की ती लगेच लक्षात येते. दुसरं, सभागृहाचं पूर्ण नाव. "ठाण्याच्या नाट्यगृहात" हे पुरेसं नाही. गडकरी रंगायतन तलावपाळीला आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. घाणेकर नाट्यगृह घोडबंदर रोडच्या बाजूला, तिथे स्टेशनवरून बस किंवा रिक्षा करावी लागते आणि संध्याकाळी त्या रस्त्याला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. नाचाचा पोशाख घातलेली आठ वर्षांची मुलगी घेऊन चुकीच्या नाट्यगृहाच्या दारात उभं राहायची वेळ कोणावर येऊ नये.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. वेळा तीन असतात. मुलांनी हजर राहायची, पडदा उघडायची, आणि मुलांना परत न्यायची. निमंत्रणपत्रिकेवर फक्त मधली छापतात. पण मेकअप, केस, पोशाख यासाठी नाचातल्या मुलांना बरंच आधी बोलावतात. आपण पाचच्या कार्यक्रमाला पावणेपाचला पोहोचलो तर मुलीचा गट रंगपटात तयार होऊन बसलेला असतो. म्हणून "कार्यक्रमाची वेळ काय" असं विचारू नका, "मुलांना किती वाजता आणायचं आणि किती वाजता न्यायचं" असं विचारा. चौथी गोष्ट, आणायचं कुठे. शाळेत आणून सोडायचं आणि शाळेची बस नाट्यगृहात नेणार, की थेट नाट्यगृहात? परत घ्यायचं कुठून? या एका मुद्द्यावर संध्याकाळचं सगळं गणित बसतं.

ऑफिसची बाजूही समजून घेतली तर प्रश्न नीट मांडता येतो. पालिकेच्या नाट्यगृहांचं आरक्षण सत्रांप्रमाणे मिळतं, आणि ते हातात येईपर्यंत शाळा तारीख लेखी द्यायला धजावत नाही. उलट पोशाखवाल्याला मापं आणि आगाऊ रक्कम आधी द्यावी लागते, म्हणून पैशांचं परिपत्रक पुढे आणि तारखेचं मागे, असं होतं. कदाचित ऑफिसलाच तारीख माहीत नसेल. म्हणून मेसेजमध्ये एक वाक्य असायलाच हवं, जे ठरलं नसेल ते कधीपर्यंत कळेल? या वाक्याला "माहीत नाही" असलेल्या माणसालाही उत्तर देता येतं.

या वेळी मी पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार मॅडम. मी कु. सईची आई, इयत्ता तिसरी, तुकडी ब, हजेरी क्रमांक १७. सोमवार २४ नोव्हेंबरच्या परिपत्रकात स्नेहसंमेलनाचा उल्लेख आहे, पण तारीख, वेळ आणि ठिकाण दिलेलं नाही. छापील प्रत आणि ॲपवरची प्रत दोन्ही पाहिल्या. कृपया कळवावं: तिसरीचा कार्यक्रम कोणत्या तारखेला, कोणत्या वारी आणि कोणत्या सभागृहात आहे? मुलांना किती वाजता, कुठे आणायचं आणि किती वाजता, कुठून न्यायचं? यातलं जे अजून ठरलं नसेल ते साधारण कधी कळेल, एवढं सांगितलंत तरी चालेल. मला रजेचा अर्ज ५ डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे. पोशाखाचे पैसे आणि संमतीपत्र शुक्रवारी पाठवते. धन्यवाद."

पाठवण्याआधी मी यातून दोन वाक्यं काढली. एक होतं, "दर वर्षी असंच होतं." खरं होतं, पण त्याचं उत्तर देण्यात मूळ प्रश्न बाजूला पडला असता. दुसरं पोशाखाची रक्कम जास्त वाटते याबद्दल होतं. तो वेगळा विषय, वेगळ्या दिवशी, वर्गशिक्षिकांशी बोलायचा. एका मेसेजमध्ये दोन विषय घातले की सोप्याचं उत्तर येतं आणि दुसरा राहून जातो. रजेच्या अर्जाची तारीख मात्र मुद्दाम ठेवली. आपल्याला कधीपर्यंत हवंय हे कळलं तर समोरच्यालाही क्रम लावता येतो.

मेसेज ऑफिसच्या नंबरवर किंवा ॲपमधल्या चौकशीच्या जागी टाका. वर्गशिक्षिकांना पाठवलात तर त्या ऑफिसलाच विचारणार, मधल्या मध्ये एक दिवस जातो. शाळा भरताना आणि सुटताना ऑफिसच्या खिडकीवर गर्दी असते, ती वेळ टाळा. कामाचे दोन दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर फोन करा, आधीच्या मेसेजचा दिवस सांगा आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर लगेच लिहून परत पाठवा: "आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे शनिवार २० डिसेंबर, बरोबर ना?" नुसता "हो" आला तरी तो आपल्याजवळ लेखी राहतो.

संमतीपत्राचं काय करायचं, हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. तारीख-ठिकाण माहीत नसताना सही करायची का? भाग घेण्याला संमती द्यायला माझी हरकत नसते, मुदत चुकली तर मुलीचं नाव गटातून निघेल. पण त्याच कागदावर मुलीला शाळेबाहेर बसने नेण्याची संमतीही असेल, तर मी सहीखाली एक ओळ लिहिते: "प्रवासाची संमती तारीख व स्थळ कळल्यावर देईन." दोन्ही वर्षी ऑफिसने ते स्वीकारलं.

बुधवारी उत्तर आलं. शनिवार २० डिसेंबर, भावे नाट्यगृह, मुलांना दुपारी अडीचला शाळेच्या गेटवर आणा. न्यायची वेळ नव्हती. मी आभार मानून तेवढंच पुन्हा विचारलं, आणि संध्याकाळी कळलं, साडेसात, नाट्यगृहाच्या मुख्य दारातून, पालकाचं ओळखपत्र दाखवून. हे राहिलं असतं तर मोठी अडचण होती, कारण न्यायला सासूबाई जाणार होत्या आणि शाळेच्या ओळखपत्रावर फक्त आमच्या दोघांचे फोटो आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाचं पत्र आणि आधारची प्रत ऑफिसात दिली. ग्रुपवर मी माझ्या शब्दांत काही लिहिलं नाही. मॅडमना विचारून त्यांचंच उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवलं आणि वर एवढंच लिहिलं: "हे तिसरीसाठी आहे, बाकीच्यांनी आपापल्या इयत्तेचं विचारून घ्या."