थायरॉइडची गाठ: मोठी दिसली म्हणून तिलाच सुई टोचू नका

नेहमी दिसणारी केस घ्या. ४२ वर्षांच्या बाईंच्या मानेत दोन गाठी आहेत. उजवीकडची ३.२ सेंटिमीटरची, हाताला सहज लागणारी, डावीकडची १.२ सेंटिमीटरची, फक्त सोनोग्राफीत दिसलेली. बाईंना काळजी उजवीची, कारण तीच आरशात दिसते. पेशी तपासायची सुईही उजवीतच जाते, रिपोर्ट ‘बेनाइन’, म्हणजे सौम्य, येतो आणि घरी सगळे निर्धास्त होतात. डावी गाठ मात्र तशीच राहते, आणि संशय घ्यावा अशी तीच आहे.

चूक कुठे झाली? सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना आधी गाठीचं रूप बघायचं असतं, आकार त्यानंतर. टायरॅड्स या पद्धतीत प्रत्येक लक्षणाला गुण देतात. उजवी गाठ स्पंजसारखी, बारीक बारीक पोकळ्यांनी भरलेली होती. तिचे गुण शून्य. अशी गाठ ३ सेंटिमीटरची असली तरी कॅन्सरच्या शंकेने तिला सुई लावायची गरज नसते. डावी गाठ पूर्ण भरीव होती (२ गुण), आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट (२ गुण) आणि रुंदीपेक्षा उंच (३ गुण). एकूण ७, म्हणजे सगळ्यात वरची, पाचवी पायरी. या पायरीवर १ सेंटिमीटरपासूनच सुई सांगितली आहे. चौथ्या पायरीला हीच मर्यादा १.५ आणि तिसरीला २.५ सेंटिमीटर आहे.

या ‘उंच’ शब्दावरही घोळ होतो. ही उंची डोक्याकडून छातीकडे मोजलेली नसते. मानेच्या आडव्या छेदात, पुढून मागे जाणारं माप रुंदीपेक्षा जास्त आहे का, एवढंच बघायचं. दुसरा घोळ पांढऱ्या ठिपक्यांचा. ठिपक्यामागे धूमकेतूसारखी मोठी शेपटी दिसली तर तो बहुधा कोलॉइड, म्हणजे ग्रंथीतला घट्ट द्रव, असतो, त्याला शून्य गुण. शेपटी नसलेल्या बारीक ठिपक्यांना एकदम ३ गुण. घाईत काढलेल्या फिल्मवर हा फरक कळत नाही. प्रोब हातात धरणाऱ्यानेच तो बघून लिहायला हवा.

सुईच्या आधी रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारा हार्मोन, बघितला का, हेही विचारा. तो कमी असेल तर आधी थायरॉइड स्कॅन करतात. गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असेल, म्हणजे ‘हॉट’ असेल, तर तिच्यात कॅन्सर क्वचितच सापडतो आणि सुई टाळता येते.

आता आपल्या बाईंच्या डाव्या गाठीत सुई गेली. सुईतून आलेल्या पेशींचा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने सहा कॅटेगरींत देतात. रिपोर्टवर आलं: ‘बेथेस्डा कॅटेगरी १’. घरच्यांनी ‘पहिली पायरी, म्हणजे चांगलंच’ असा अर्थ लावला. ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी गैरसमजूत. एकचा अर्थ ‘सौम्य’ नाही. ‘नमुना अपुरा, काही सांगता येत नाही’ असा आहे. स्लाइडवर किमान १० पेशी असलेले ६ तरी गट दिसले नाहीत, नुसतं रक्त किंवा पाणी आलं, तर बहुतेक वेळा हाच शेरा मिळतो. उपाय एकच, सोनोग्राफीत बघत भरीव भागातून पुन्हा नमुना घेणं. बाईंचा दुसरा नमुना कॅटेगरी ५ आला.

बेथेस्डाच्या २०२३च्या आवृत्तीनुसार पाचवीत कॅन्सर निघण्याचं सरासरी प्रमाण ७४ टक्के, सहावीत ९७, चौथीत ३० आणि तिसरीत २२ टक्के आहे. तिसरी आली की लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नये. पुन्हा सुई, उपलब्ध असेल तर जनुकीय चाचणी, आणि सोनोग्राफीचं रूप यांवर पुढचं ठरतं. चौथीत मात्र सुई पुन्हा पुन्हा टोचून उत्तर मिळेल ही आशा फोल असते. या कॅटेगरीतली फॉलिक्युलर गाठ कॅन्सर आहे का, हे पेशींच्या रूपावरून कळत नाही; तिने आपलं वेष्टण किंवा रक्तवाहिनी फोडली आहे का, यावर ते ठरतं. त्यासाठी गाठ अख्खी हातात लागते, म्हणून जनुकीय चाचणीने दिलासा दिला नाही तर बहुधा ग्रंथीचा त्या बाजूचा अर्धा भाग काढतात. रिपोर्ट बेनाइन असला तरी गाठ श्वासनलिका दाबत असेल किंवा गिळताना त्रास देत असेल, तर ऑपरेशनचं ते स्वतंत्र कारण आहे.

बाईंच्या बाबतीत शेवटची चूक टळली ती थोडक्यात. ‘कॅन्सरची शंका, मग पूर्ण ग्रंथी काढा’ असं ठरत आलं होतं. सर्जनने आधी मानेच्या लसिकाग्रंथींची सोनोग्राफी करून घेतली आणि स्वरयंत्राची हालचाल तपासली. लसिकाग्रंथी साफ होत्या, गाठ ग्रंथीबाहेर गेलेली नव्हती, म्हणून फक्त डावा भाग काढला. बायोप्सीत १.२ सेंटिमीटरचा पॅपिलरी कॅन्सर निघाला आणि तेवढं ऑपरेशन पुरलं. उजवी, आरशात दिसणारी गाठ अजून जागेवरच आहे. तिच्यासाठी वर्षाने सोनोग्राफी ठेवली आहे.